शाळूचं पोतं आणि सोमवार

सकाळी सात

आजचा दिवस एकाच सीनचा. पडद्यावर तो जेमतेम दोन मिनिटं चालेल, म्हणजे पटकथेची दोन पानं. वडील वारलेत. सातबाऱ्यावर वारस म्हणून भाऊ आणि बहीण दोघांची नावं लागली आहेत. सांगलीकडच्या गावातून दत्ता बहिणीच्या पुण्याच्या घरी आलाय. जमीन आपल्या एकट्याच्या नावावर व्हावी म्हणून त्याला ताईकडून हक्कसोडपत्र करून हवंय.

पहिला ड्राफ्ट मी मुद्दाम उघडा लिहितो. मनातलं सगळं तोंडात:

दत्ता : ताई, जमीन माझ्या नावावर करायचीय. तू हक्क सोड.
ताई : सोडीन. पण बाबा गेल्यावर तू मला एकदाही घरी बोलावलं नाहीस. सही केल्यावर माझं माहेर उरेल का?

हे शूट करण्यासाठी नसतं. पात्रांना नेमकं काय म्हणायचंय हे लिहिणाऱ्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, त्यासाठी हे पान. नवे लेखक पुष्कळदा इथेच घाई करतात आणि थेट सूचक लिहायला घेतात. मग संवाद धूसर होतात, कारण दडवायला आत काही ठरलेलंच नसतं.

साडेआठ

चहा झाल्यावर त्याच पानाखाली प्रत्येक पात्रासाठी दोन गोष्टी लिहितो. याला काय हवंय? आणि ते तोंडाने म्हणता का येत नाही?

खरा सीन दुसऱ्या प्रश्नात असतो. दत्ताला मागता येत नाही, कारण मागितलं की तो हिस्सा ताईचा आहे हे कबूल केल्यासारखं होतं. कायद्याने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे त्यालाही ठाऊक आहे. ताईला जमीन नकोच आहे. तिला बोलावणं हवंय. पण बोलावणं मागून घेतलं तर त्याला अर्थ राहत नाही. दोघांना अडवणारं कारण असं भक्कम असेल तरच ती आडवळणाने बोलतात. ते नसेल, तर प्रेक्षकाला वाटतं, ही माणसं सरळ का बोलत नाहीत?

साडेदहा

आता दोघं बोलणार कशाबद्दल? मी याला आड विषय म्हणतो. बिली वाइल्डरच्या ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये (1944) विमा एजंट आणि घरमालकीण पहिल्याच भेटीत एकमेकांकडे ओढली जातात. तेव्हाच्या हॉलिवूडच्या सेन्सॉर संहितेमुळे ती ओढ उघड दाखवायला मनाई होती. वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांनी त्या दोघांना गाडीच्या वेगाबद्दल, वेगमर्यादेबद्दल आणि पोलिसाच्या दंडाबद्दल बोलायला लावलं. तो सीन मी आजही काढून बघतो. दोघंही तो एकच विषय सोडत नाहीत; प्रत्येक ओळ त्यालाच थोडं पुढे ढकलते, आणि कोण कुठवर जाऊ देणार हे त्यातूनच कळतं.

आमच्या सीनमध्ये आड विषय म्हणून आधी हवापाणी आलं, मग ताईच्या मुलाची परीक्षा. दोन्ही काढून टाकले, कारण त्यांचा जमिनीशी संबंध नाही. आड विषय मूळ भांडणाच्या घरातलाच हवा. दत्ता मोकळ्या हाताने येणार नाही. तो शेतातला शाळू घेऊन येईल.

बारा

दत्ता : शाळू आणलाय. पोतं कुठं ठेवू?
ताई : एकच?
दत्ता : एस्टीत दोन कशी आणायची?
ताई : बाबा आणायचे.
(दत्ता पोतं कोपऱ्यात सरकवतो.)
दत्ता : सोमवारी मोकळी आहेस का? तालुक्याला जाऊन यायचं होतं.
ताई : हुरड्याला बोलावलं असतंस तर आले असते.
दत्ता : यंदा हुरडा केलाच नाही.
ताई : फोटो बघितला मी. सुजाताच्या माहेरची सगळी होती.
(शांतता.)
ताई : सोमवारी नुसतं आधार कार्ड आणू, की फोटोपण लागतील?

हक्क, जमीन, सही हे शब्द कुठेच नाहीत. ‘एकच?’ हा प्रश्न पोत्याचा आहे आणि हिश्श्याचाही. शेवटच्या ओळीत ताई होकार देते आणि मला सगळं समजलंय हेही सांगते. दत्ताला आता खोटं बोलायला जागाच उरत नाही.

फोटोच्या ओळीला ‘मला मात्र विसरलास’ अशी जोड होती, ती खोडली. तिच्यामुळे ओळ टोमणा होत होती. आपल्या घरांत टोमणे भरपूर, म्हणून नव्या लेखकांना टोमणा म्हणजेच सबटेक्स्ट वाटतो. टोमणा मारणाऱ्याला आतला अर्थ समोरच्याला लागावा असंच वाटत असतं. सबटेक्स्टमध्ये पात्र तो अर्थ झाकत असतं, कधी स्वतःपासूनही. ‘बाबा आणायचे’ हे नटीने आठवण म्हणून बोलावं, त्याला सुनवायला नव्हे. सुनवलं की सीन तिथेच संपतो.

दुपारी तीन

वाचन. कथा माहीत नसलेल्या दोघांना हा सीन तेवढा वाचायला देतो आणि विचारतो : भावाला काय हवंय? उत्तर देताना वाचणारा एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘इथे म्हणालाय की’ म्हणाला, तर ती ओळ फार उघडी आहे. ‘काही कळलं नाही’ म्हणाला, तर फार झाकलंय. उत्तर बरोबर आलं पण ते नेमक्या कुठल्या ओळीत आहे हे दाखवता आलं नाही, तर सीन जमला.

आज एक जण म्हणाला, ‘हुरड्याला बोलावलं नाही म्हणून ताई रुसलीय.’ तालुक्याला कशाला जायचं, हे त्याला लागलंच नाही. यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे दत्ताच्या तोंडी ‘थोडं कागदाचं काम होतं’ अशी ओळ घालणं. ती मी घालत नाही.

साडेचार

दुरुस्ती या सीनमध्ये नाही, याच्या आधीच्या सीनमध्ये आहे. आतला अर्थ संवादात भरता येत नाही. प्रेक्षकाला आधीच काही माहीत असेल, तरच तो साध्या ओळीत दुसरं काही ऐकतो. म्हणून मागे एक छोटा प्रसंग लिहितो. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर वकील दत्ताला सांगतो, ‘सोमवारी बहिणीला घेऊन या. आधार कार्ड, दोन फोटो. त्यांनी हक्क सोडला की विषय मिटला.’ इथे सगळं उघड, कारण वकिलाला लपवण्यासारखं काही नाही. हे ऐकलेला प्रेक्षक दत्ताने ‘सोमवारी’ म्हणताच सावध होतो, आणि ताईच्या तोंडून आधार कार्ड ऐकल्यावर दत्ताइतकाच चपापतो.

दोन्ही सीन एकापाठोपाठ एक, आधी न वाचलेल्या तिसऱ्याच माणसाला दिले. त्याने ‘फोटो’पाशी मान वर केली.

सहा

शेवटचं काम कंसातल्या सूचनांचं. (खोचकपणे), (अपराधी होऊन), (अर्थपूर्ण नजरेने) या सगळ्या खोडतो. अशा सूचनेशिवाय ओळ उभी राहत नसेल, तर ओळ बदलायला हवी. पोतं सरकवणं मात्र ठेवतो, कारण ती कृती आहे. ‘बाबा आणायचे’ या वाक्याला दत्ताकडे दुसरं उत्तर नाही.

तुमचा एखादा सीन वाचणाऱ्याला कळत नसेल, तर त्यात ओळ वाढवण्याआधी त्याच्या मागचं पान उघडा, आणि तिथे प्रेक्षकाला काय सांगायचं राहिलंय ते शोधा.