स्लाइडवरचा आकडा आणि त्याच्यामागचा तिसरा प्रश्न

बीईच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा चालू आहे. पडद्यावर अकरावी स्लाइड आहे आणि तिच्यावर ठळक अक्षरांत एकच ओळ: ‘अ‍ॅक्युरसी ९७.५ टक्के’. बोलणारा विद्यार्थी पुढच्या स्लाइडकडे वळणार, एवढ्यात एक्सटर्नल म्हणतात, “थांब जरा. हे साडेसत्त्याण्णव टक्के कशाचे?” या प्रश्नाचे उत्तर गटातल्या चौघांनाही येते. त्यातून निघालेल्या दुसऱ्या प्रश्नाला चौघे एकमेकांकडे पाहतात. तिसऱ्याला गाईडही खिडकीबाहेर पाहू लागतात.

पहिला प्रश्न कुठला येईल हे सीनियर सांगतात, जुन्या बॅचच्या वह्यांतही तो सापडतो. गुण जातात ते त्याच्यानंतरच्या प्रश्नांवर. ते अचानक आल्यासारखे वाटतात, पण बहुतेक वेळा त्यांचे मूळ पडद्यावरच असते. बाहेरून आलेल्या परीक्षकाने प्रोजेक्टवर वर्षभर काम केलेले नसते आणि समोरची ब्लॅक बुक तो पाने उलटत जेवढी चाळेल तेवढीच. दिवसभरात असे बरेच गट त्याच्यासमोर येतात. मग तो डोळ्यांसमोर जे आहे त्याला धरून विचारतो: स्लाइडवरचा आकडा, न समजावलेला शब्द, कारण न दिलेली निवड, किंवा असायला हवी होती पण नाही अशी गोष्ट. म्हणून स्लाइड परीक्षकाच्या नजरेने वाचली, तर प्रश्नांची साखळी आधीच बरीचशी मांडता येते.

हे कसे करायचे, ते एका नमुन्यावरून पाहू. पुण्यातल्या एखाद्या कॉलेजात चौघांच्या गटाने ‘टोमॅटोच्या पानांवरील रोगांची ओळख’ हा प्रोजेक्ट केला आहे असे समजू. पानाचा फोटो दिला की संगणक रोगाचे नाव सांगतो. अशा प्रोजेक्टसाठी बहुतेक जण ‘प्लांटव्हिलेज’ हा जगभर वापरला जाणारा, सर्वांना खुला असलेला फोटोसंच घेतात. त्यात १४ पिकांच्या पानांचे ५४,३०६ फोटो आहेत. त्यांपैकी टोमॅटोचे १८,१६०, तेही दहा गटांत विभागलेले: नऊ रोग-किडींचे आणि एक निरोगी पानांचा.

गटाने सगळ्या स्लाइड एका कागदावर सहा अशा छापून घ्याव्यात आणि पेन्सिलीने प्रत्येक आकड्याभोवती व प्रत्येक तांत्रिक शब्दाभोवती गोल काढावा. पंधरा स्लाइडमध्ये असे चाळीस-पन्नास गोल सहज होतात. सगळ्यांची तयारी करणे शक्य नसते आणि तशी गरजही नसते. ज्या गोलावर प्रोजेक्टचा दावा उभा आहे, ते तीन-चार निवडायचे. या गटात पहिला गोल अर्थातच ९७.५ हा.

आता त्या गोलापासून साखळी सुरू करायची. “हे ९७.५ टक्के कशाचे?” उत्तर: “सर, चाचणीसाठी २० टक्के फोटो बाजूला ठेवले होते, त्यांच्यावरचे.” इथे थांबून प्रश्न न लिहिता आपलेच उत्तर पुन्हा वाचायचे. पुढचा प्रश्न या उत्तरातल्या शब्दांतून निघतो. ‘२० टक्के’ म्हणजे किती फोटो? ३,६३२. त्यांतले चुकले किती? सुमारे ९१. आणि मग खरा प्रश्न: “हे ९१ कुठल्या रोगाचे?”

हा प्रश्न का येतो, ते फोटोंची मोजणी पाहिल्यावर कळते. टोमॅटोच्या पाने पिवळी पडून मुरडण्याच्या विषाणूजन्य रोगाचे या संचात ५,३५७ फोटो आहेत. मोझॅक विषाणूचे फक्त ३७३. म्हणजे चाचणीत मोझॅकचे जेमतेम ७५ फोटो येतात. संगणकाने हे ७५ च्या ७५ चुकवले आणि बाकी सगळे बरोबर ओळखले, तरी एकूण अचूकता ९७.९ टक्के भरते, म्हणजे स्लाइडवरच्या आकड्यापेक्षा जास्तच. एक अख्खा रोग कधीच न ओळखणारे यंत्रही हा आकडा मिरवू शकते. अनुभवी परीक्षकाला हा हिशेब तोंडपाठ नसेल, पण गट असमान असले की एकूण टक्केवारी फसवी असते एवढे त्याला ठाऊक असते.

याला उपाय म्हणजे प्रत्येक रोगाचे किती ओळखले आणि किती कुठल्या नावाखाली गेले हे दाखवणारा तक्ता, म्हणजे कन्फ्यूजन मॅट्रिक्स. तो मुख्य स्लाइडमध्ये बसत नसेल तर ‘आभार’च्या स्लाइडनंतर जोडून ठेवायचा आणि प्रश्न आला की उघडायचा. मात्र तो वाचता आला पाहिजे. मोझॅकच्या ओळीत बोट ठेवून “७५ पैकी इतके आले, राहिलेले बहुतेक अमुक नावाखाली गेले” असे सांगता येत नसेल, तर तो तक्ता नव्या प्रश्नांना दिलेले आमंत्रण ठरतो.

दुसरी साखळी त्याच उत्तरातल्या ‘बाजूला ठेवले’ या शब्दांतून निघते. “कसे बाजूला ठेवले?” “सर, रँडम.” “मग एकाच पानाचे दोन फोटो, एक शिकवण्यात आणि एक चाचणीत, असे झाले नसेल कशावरून?” या संचात अनेक पानांचे वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले एकाहून जास्त फोटो आहेत. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूजेस आणि सलाथे यांनी या संचावर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी वाटणी करताना एका पानाचे सगळे फोटो एकाच बाजूला राहतील अशी काळजी घेतली होती. बहुतेक प्रोजेक्टच्या संदर्भसूचीत हाच लेख पहिला असतो, आणि वाटणीबद्दलचा हा परिच्छेदच वाचलेला नसतो. ज्यांनी फोटो फिरवून, उलटवून संख्या वाढवली आणि मग वाटणी केली, त्यांची अडचण आणखी मोठी: मूळ फोटो एका बाजूला आणि त्याचीच आरशातली प्रतिमा दुसऱ्या बाजूला. परीक्षेत पेपर फुटल्यासारखेच हे.

वाढ आधी की वाटणी आधी, हे गटाला स्वतःचा प्रोग्रॅम उघडून पाहावे लागते. आठवणीवर विसंबून दिलेले उत्तर इथे हमखास चुकते, कारण तो भाग बहुधा चौघांपैकी एकानेच, तोही कुठून तरी उचलून आणलेला असतो.

तिसरा गोल आकड्याभोवती नाही, शीर्षकाभोवती आहे. पहिल्या स्लाइडवर लिहिलेले असते ‘शेतकऱ्यांसाठी’. परीक्षक विचारतो, “शेतात चालतं का?” प्लांटव्हिलेजमधली बहुसंख्य पाने तोडून, साध्या कागदासारख्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली आहेत. शेतातल्या फोटोत माती, सावली, शेजारची पाने, माणसाचा हात असे सगळे येते. वर उल्लेखलेल्या २०१६ च्या अभ्यासात संचातल्या फोटोंवर अचूकता ९९.३५ टक्क्यांपर्यंत गेली होती. वेगळ्या परिस्थितीत काढलेले, बाहेरून मिळवलेले फोटो दिल्यावर ती ३१.४ टक्क्यांवर आली. २०२२ मध्ये आणखी एका संशोधकाने दाखवले की पान न बघता पार्श्वभूमीतले फक्त आठ ठिपके दिले, तरी संगणक ४९ टक्के वेळा बरोबर उत्तर देतो. पिके आणि रोग मिळून ३८ गट आहेत, म्हणजे डोळे मिटून अंदाज केला तर तीन टक्केही बरोबर येऊ नयेत. याचा अर्थ, संगणक काही प्रमाणात रोग नव्हे, तर फोटो कोणत्या बैठकीत काढला तेच ओळखत असावा.

याच साखळीच्या शेवटी डेमो असतो. परीक्षक आपल्या हाताचा फोटो काढून म्हणतो, “हे टाक.” यंत्र गंभीरपणे उत्तर देते: ‘करपा, ९२ टक्के’. वर्गात हशा पिकतो आणि पुढचा प्रश्न येतो, “असं का?” कारण रचनाच तशी असते. दहा नावांत मिळून शंभर टक्के वाटायचे एवढेच त्याला शिकवलेले आहे, ‘माहीत नाही’ हे अकरावे नाव त्याच्याकडे नाही. हे एका वाक्यात सांगता आले, तर हशाही गटाच्या बाजूने जातो.

साखळी किती लांब न्यायची? साधारण तिसऱ्या-चौथ्या पायरीला एक खूण दिसते. उत्तर ‘डीफॉल्ट तसंच होतं’, ‘त्या पेपरात तसं होतं’ किंवा ‘ते माझ्या पार्टनरने केलंय’ असे येऊ लागले की तिथे गटाचे ज्ञान संपलेले असते. तेवढीच जागा वाचून, तपासून घ्यायची. ही खूण स्वतःला दिसणे अवघड असते आणि गटातल्या मित्रालाही, कारण त्याला उत्तर माहीत असल्याने तो अर्धवट वाक्यही पूर्ण समजून घेतो. म्हणून सराव दुसऱ्या गटातल्या कुणासमोर करणे बरे. त्याला प्रोजेक्ट समजावायचा नाही. फक्त स्लाइडचा छापील कागद द्यायचा आणि सांगायचे, प्रत्येक उत्तरातला एक शब्द पकड आणि ‘म्हणजे काय?’ किंवा ‘का?’ विचार.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एक्सटर्नलचा स्वतःचा विषय वेगळा असेल, तर तो संभाषण तिकडे नेतो. काही परीक्षक स्लाइडकडे न बघता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या पायाभूत संकल्पना विचारतात. चौघांत काम खरोखर कुणी केले हे शोधणारे प्रश्नही कुठल्या गोलातून निघत नाहीत. अवघड आकडा स्लाइडवरून काढून टाकण्याची युक्तीही चालत नाही: निकालाच्या स्लाइडवर आकडा नसला, तर पहिलाच प्रश्न त्याबद्दल येतो.

आपल्या गटाने काय केले समजा? आकडा तसाच ठेवला. त्याच्याखाली मोझॅकचा वेगळा आकडा लिहिला. वाटणी पानाप्रमाणे पुन्हा केली, तेव्हा ९७.५ थोडे खाली आले. मग एका रविवारी चौघे नारायणगावजवळच्या शेतात जाऊन टोमॅटोच्या पानांचे ४० फोटो काढून आले. त्यांपैकी १७ ओळखले गेले. ‘शेतातील फोटो: ४० पैकी १७’ ही नवी स्लाइड तयार झाली. छापील कागदावर चौघांपैकी एकीने त्या ४० भोवतीही पेन्सिलीने गोल काढला आणि बाजूला लिहिले, “पण या ४० पानांवर कुठला रोग होता, हे कोणी ठरवलं?” उत्तर होते, ‘आपणच, गुगलवर बघून’. परीक्षेला पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोटो घेऊन दोघे कृषी विज्ञान केंद्राकडे निघाले.