ई-पेपरचं कात्रण
ई-पेपरचा अंक घरच्या वाय-फायवर डाउनलोड केलात, की निघण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि आतलं एखादं पान मोठं करून पाहा. अक्षरं धूसरच राहिली, तर पान पूर्ण उतरलेलं नाही. कात्रणाची चौकट मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत ओढा. वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती आणि तारीख त्यावर येत नसेल, तर फाइलच्या नावात लिहा. नाहीतर वर्षभरानं ते कात्रण कुठलं, हे कळणार नाही. अख्खा अंक वाटणं मात्र वेगळी गोष्ट. ‘दैनिक जागरण’च्या ई-पेपरच्या पीडीएफ वाटणारे टेलिग्राम चॅनेल ४८ तासांत काढण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं मे २०२० मध्ये दिला होता. ग्रुपवर अंक टाकू नका, हवी ती बातमी तेवढी पाठवा.