सर्किटची पत्रं : एकच करंट, दोन चिन्हं

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

गेल्या आठवड्याच्या पत्रात आपण नोड मोजले, एकाला ग्राउंड ठरवलं आणि उरलेल्यांना नावं दिली. त्यानंतर तुम्ही सोडवून पाठवलेली गणितं तपासली. बहुतेकांची आकडेमोड बरोबर आहे, पण समीकरण मांडतानाच कुठेतरी अधिकाचं वजा झालेलं आहे. ही चूक निष्काळजीपणाची असती तर कधी या नोडवर, कधी त्या नोडवर झाली असती. पण ती जवळजवळ प्रत्येक वहीत दुसऱ्या नोडवरच आहे. म्हणजे तिच्यामागे काहीतरी पक्का समज आहे. आज तोच शोधू.

सर्किट तेच घेऊ. 12 व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक 2 kΩ मधून नोड A ला जोडलंय, ऋण टोक ग्राउंडला. A पासून ग्राउंडपर्यंत 2 kΩ, A आणि B यांच्यामध्ये 2 kΩ, B पासून ग्राउंडपर्यंत 6 kΩ. शिवाय एक करंट सोर्स ग्राउंडकडून B मध्ये 4 mA ढकलतोय. रेझिस्टन्स kΩ मध्ये ठेवले की भागाकार थेट mA मध्ये येतो.

किर्चहॉफचा 1845 चा नियम सांगतो की नोडमधून बाहेर जाणाऱ्या सगळ्या करंटची, चिन्हासकट, बेरीज शून्य. A साठी सगळ्यांनी बरोबर लिहिलंय:

(VA − 12)/2 + VA/2 + (VA − VB)/2 = 0

म्हणजे 3VA − VB = 12. आता बऱ्याच वह्यांमधलं B चं समीकरण बघा:

(VA − VB)/2 + VB/6 = 4

पहिलं पद A च्या समीकरणातून जसंच्या तसं उचललेलं आहे. वर्गात कारण विचारलं तर उत्तर आलं, “सर, A कडून B कडे बाण काढला होता. एकदा काढलेला बाण मध्येच कसा फिरवायचा?” बाण फिरवायचा नाही, हे खरंच आहे. पण (VA − VB)/2 हा A मधून बाहेर पडणारा करंट आहे. त्याच बाणाने तो B मध्ये आत येतो. बाहेर जाणाऱ्यांच्या यादीत त्याला बसवायचं तर त्याच्यापुढे वजा हवा, आणि तो दिला की पद (VB − VA)/2 असं होतं. स्वारगेटहून सुटलेली एसटी तिथल्या नोंदवहीत ‘गेली’ आणि साताऱ्याच्या नोंदवहीत ‘आली’ अशी चढते. गाडी एकच, रस्ता एकच. नोंद कुठे बसून केली एवढाच फरक.

म्हणून बाणांच्या भानगडीत न पडता एक सवय लावा. ज्या नोडचं समीकरण लिहिताय, त्याचं व्होल्टेज प्रत्येक रेझिस्टरच्या पदात आधी लिहा. त्यातून रेझिस्टरच्या पलीकडच्या टोकाचं व्होल्टेज वजा करा. करंट खरोखर कुठे वाहतोय याचा अंदाज बांधायची गरज नाही. उलटा वाहत असेल तर त्या पदाची किंमत ऋण येईल, इतकंच. बॅटरीलाही हेच लागू. A च्या पहिल्या रेझिस्टरचं पलीकडचं टोक 12 व्होल्टवर आहे, म्हणून VA − 12. बॅटरी उलटी जोडली तर ते टोक −12 वर जाईल आणि पद होईल VA + 12.

आता B चं समीकरण नीट मांडू:

(VB − VA)/2 + VB/6 − 4 = 0

करंट सोर्सला दोन टोकांच्या व्होल्टेजची वजाबाकी नसते. त्याचं चिन्ह फक्त बाणावरून ठरतं. तो B मध्ये येतोय, म्हणून बाहेर जाणाऱ्यांच्या यादीत वजा 4. हवं तर बरोबरच्या चिन्हापलीकडे अधिक 4 लिहा, पण दोन्हीपैकी एकच करा. सहाने गुणलं की 4VB − 3VA = 24, आणि उत्तर VA = 8, VB = 12 व्होल्ट. म्हणजे करंट B कडून A कडे वाहतोय, तुमच्या बाणाच्या उलट. तरी समीकरणाचं काही बिघडलं नाही.

चुकीच्या समीकरणातून VA = 0 आणि VB = −12 येतं. हे आकडे घेऊन B वर उभे राहा. A कडून (0 + 12)/2 म्हणजे 6 mA आत येतोय. सोर्समधून 4 mA आत येतोय. B ग्राउंडच्याही खाली असल्यामुळे 6 kΩ मधूनसुद्धा 2 mA आतच येतोय. 12 mA आत आणि बाहेर काहीच नाही! उत्तर समीकरणात परत घालून ही चूक सापडत नाही, कारण चुकीचं उत्तर चुकीच्या समीकरणाला तंतोतंत लागू पडतं. ते सर्किटवर ठेवून मोजावं लागतं.

सोडवण्याआधीही एक नजर टाकता येते. नोडच्या समीकरणात त्याच्या स्वतःच्या व्होल्टेजचा सहगुणक धन आणि शेजाऱ्यांचे ऋण असायला हवेत. शिवाय स्वतःचा आकडा शेजाऱ्यांच्या बेरजेहून लहान असता कामा नये. चुकीचं समीकरण 3VA − 2VB = 24 असं येतं. कुणी त्याला −1 ने गुणून 2VB − 3VA = −24 केलं तर चिन्हं साळसूद दिसतात, पण 2 हा 3 पेक्षा लहान आहे आणि तिथे बिंग फुटतं. ही कसोटी रेझिस्टर आणि स्वतंत्र सोर्स एवढ्यापुरतीच. अवलंबी सोर्स आला की ती लागू होईलच असं नाही.

करंट सोर्सचं चिन्ह चुकलं तर मात्र ही कसोटी गप्प बसते, कारण सहगुणक बरोबरच असतात. हीच चूक तुमच्यापैकी काहींनी स्पाइसमध्येही केली आहे. फाइल अशी हवी:

```
* nodes A and B
V1 S 0 12
R1 S A 2k
R2 A 0 2k
R3 A B 2k
R4 B 0 6k
I1 0 B 4m
.op
.end
```

स्पाइसमध्ये करंट सोर्सच्या आतून करंट पहिल्या नोडकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणून B मध्ये ढकलायचं तर `I1 0 B`. `I1 B 0` लिहिलंत तर VA = 2.67 आणि VB = −4 मिळेल, आणि स्पाइस कुठलीही तक्रार करणार नाही. बरोबर फाइलमध्ये V1 चा करंट −2 mA दिसेल, तो पाहून घाबरू नका. बॅटरीच्या धन टोकातून आत जाणारा करंट स्पाइस धन धरतो, आणि इथे तो बाहेर पडतोय.

चिन्हाची शंका राहिलीच तर पॉवरचा हिशेब करा. बॅटरी 12 × 2 = 24 mW देते, करंट सोर्स 12 × 4 = 48 mW; एकूण 72. चार रेझिस्टर अनुक्रमे 8, 32, 8 आणि 24 mW खातात, तेही 72.

या आठवड्याचं गणित: याच सर्किटमधली बॅटरी उलटी जोडा. उत्तर VA = −2.67 आणि VB = 4 व्होल्ट यायला हवं. इथे VA ऋण आहे आणि तरी बरोबर आहे, तेव्हा ऋण उत्तर दिसलं म्हणून समीकरणात खाडाखोड करू नका. आधी A वरचे तिन्ही करंट मोजून त्यांची बेरीज शून्य येते का ते बघा. पुढच्या पत्रात दोन नोडांच्या मधोमध रेझिस्टरशिवाय बसलेली बॅटरी घेऊ. तिच्यातला करंट कुठल्याच वजाबाकीने लिहिता येत नाही.

तुमचे,
सर