दौऱ्यावरच्या वाद्यवृंदाचे सामान

दौऱ्यावर निघणाऱ्या वाद्यवृंदाने सामानाची यादी वादकांच्या नावांनी करावी. गिटार, बेस, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि तबला असे पाच वादक पुण्याहून कोल्हापूरला निघाले आहेत असे समजू. यादीत नुसते ‘कीबोर्ड’ लिहिले, तर वाद्य टेम्पोत चढते आणि ॲडॉप्टर घरी राहतो. म्हणून कीबोर्डवादकाच्या नावापुढे कीबोर्ड, स्टँड, पेडल, ॲडॉप्टर आणि केबल अशी प्रत्येक वस्तू वेगळी लिहावी. ॲडॉप्टरवर वाद्याचे नाव चिकटवावे. पिन सारखी दिसली तरी व्होल्टेज वेगळे असू शकते, आणि चुकीच्या ॲडॉप्टरने वाद्य जळू शकते.

गिटारवादकाकडे तारांचा एक पूर्ण संच असावाच. शिवाय पहिली, सर्वांत बारीक तार दोन-तीन जादा ठेवावी, कारण तीच जास्त तुटते. नवी तार चढवल्यावर लगेच उतरते. ती हाताने थोडी ताणून पुन्हा सुरात लावावी लागते. तबल्याची पुडी फाटली तर मंचावर बदलता येत नाही, म्हणून हातोडीसोबत त्याच सुराचा दुसरा तबला न्यावा.

दर तीन केबलमागे एक जादा केबल पुरते. केबल बहुधा जॅकजवळ तुटते. तिथे हलवल्यावर आवाज खरखरला किंवा गेला, तर ती केबल लगेच बाजूला काढून तिला गाठ मारावी, म्हणजे ती चुकून पुन्हा वापरली जात नाही. गिटारची केबल ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडू नये. तिची आतली तार बारीक असल्याने ती तापते.

एक्स्टेंशन बोर्ड निवडताना सॉकेटमधले अंतर पाहावे. जाड ॲडॉप्टर शेजारचे सॉकेट झाकतो, त्यामुळे पाच सॉकेटच्या बोर्डवर प्रत्यक्षात तीनच बसतात. ६ अँपिअरच्या बोर्डवर २३० व्होल्टला सुमारे १,३८० वॅट भार चालतो. वाद्यांना तो पुरेसा आहे, पण त्याच बोर्डवर हॅलोजन लावू नये. घरघर ऐकू आली तर वाद्यांची वीज मिक्सरच्याच जागेवरून घेऊन पाहावी. घरघर घालवण्यासाठी अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. तारांना हात आणि माइकला ओठ लागताच गायकाला झटका बसू शकतो.

टेम्पोत स्पीकर आणि ॲम्प्लिफायर आधी, केबिनच्या बाजूला चढवावेत. मंचावर आधी लागणारे एक्स्टेंशन बोर्ड, स्टँड आणि केबलची पेटी शेवटी ठेवावी. जड नग दोघांनी उचलावेत. त्या दोघांची नावेही यादीत असावीत. तबला आणि गिटार ज्याच्या त्याने सांभाळावे. टेम्पोच्या दाराशी एकानेच यादी घेऊन उभे राहावे आणि नग मोजावेत.

हीच मोजणी कार्यक्रमानंतरही करावी. रात्री सगळे थकलेले असतात आणि मंचावर अंधार असतो. केबल आणि ॲडॉप्टर तेव्हाच मागे राहतात.