दालचिनीच्या तेलातले आठ प्रोटॉन

दालचिनीला तिचा वास देतो तो सिनामाल्डिहाइड नावाचा रेणू. त्याच्या एका टोकाला बेंझिनचे षटकोनी कडे, मध्ये कार्बन-कार्बन दुहेरी बंध आणि दुसऱ्या टोकाला अल्डिहाइड, म्हणजे ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन आणि त्याच कार्बनवर बसलेला एक हायड्रोजन. एकूण हायड्रोजन आठ: पाच कड्यावर, दोन दुहेरी बंधावर, एक अल्डिहाइडवर. या शुद्ध द्रवाचा प्रोटॉन एनएमआर आलेख काढला की पहिल्याच नजरेत एक गोष्ट जाणवते. आलेखाचा उजवा अर्धा भाग, जिथे तेल-तुपातल्या साध्या हायड्रोजनची शिखरे दाटीवाटीने उभी असतात, तो जवळजवळ मोकळा दिसतो. आठही प्रोटॉन डावीकडे, रसायनशास्त्रज्ञांच्या भाषेत 'डाउनफील्ड', जाऊन बसलेले असतात.

एनएमआर यंत्रात नमुना एका जबर चुंबकाच्या पोटात ठेवतात आणि प्रत्येक हायड्रोजनचे केंद्रक कोणत्या रेडिओ वारंवारितेला प्रतिसाद देते ते मोजतात. केंद्रकाला जितके जास्त क्षेत्र जाणवते तितकी ही वारंवारिता जास्त. भोवतालचे इलेक्ट्रॉन चुंबकाच्या प्रभावाखाली फिरू लागतात आणि स्वतःचे एक छोटेसे उलटे क्षेत्र तयार करतात, त्यामुळे केंद्रकापर्यंत क्षेत्र थोडे कमी पोहोचते. हा फरक फारच बारीक असतो, म्हणून तो दशलक्षांश भागांत, पीपीएममध्ये, सांगतात. टेट्रामिथिलसिलेन या संयुगाचे शिखर शून्यावर धरले, की सायक्लोहेक्झेनचे प्रोटॉन १.४ च्या आसपास येतात, एथिलीनचे ५.३ वर, बेंझिनचे ७.३ वर आणि अल्डिहाइडचा प्रोटॉन ९ ते १० च्या दरम्यान.

याचे सर्वात सोपे उत्तर असे, की शेजारच्या अणूने इलेक्ट्रॉन ओढून घेतले, आवरण विरळ झाले, म्हणून शिखर डावीकडे सरकले. ते खोटे नाही, पण पुरे पडत नाही. ॲसिटिलीन घ्या. तिहेरी बंधातला कार्बन दुहेरी बंधातल्या कार्बनपेक्षा इलेक्ट्रॉन जास्त जोराने ओढतो. मग ॲसिटिलीनचा प्रोटॉन एथिलीनच्याही डावीकडे हवा. प्रत्यक्षात तो २ च्या जवळ, चांगला उजवीकडे सापडतो. म्हणजे इलेक्ट्रॉन किती आहेत एवढेच पाहून चालत नाही. ते कोणत्या दिशेने फिरू शकतात हेही पाहावे लागते.

बेंझिनमध्ये हे सर्वात स्वच्छ दिसते. कड्याच्या वर आणि खाली पसरलेले सहा पाय-इलेक्ट्रॉन कोणत्याही एका बंधाशी बांधलेले नसतात. चुंबकीय क्षेत्र कड्याच्या पृष्ठाला लंब असले, की ते संपूर्ण कड्यात गोल फिरू लागतात. हाच वलय-प्रवाह. त्याचे क्षेत्र कड्याच्या मध्यभागी बाहेरच्या चुंबकाच्या विरुद्ध असते. पण चुंबकीय रेषा तुटत नाहीत, त्या वळून कड्याच्या बाहेरून परत येतात आणि तिथे त्यांची दिशा मूळ चुंबकाच्याच दिशेची होते. बेंझिनचे हायड्रोजन नेमके याच बाहेरच्या पट्ट्यात आहेत. त्यांना थोडे जास्त क्षेत्र मिळते, आणि शिखर डावीकडे जाते.

इथे चौकस वाचक विचारेल, की द्रवात रेणू सतत गिरक्या घेत असतात, मग सगळ्या दिशांचा परिणाम एकमेकांना खोडून टाकणार नाही का? प्रवाह सर्व दिशांनी सारखाच वाहत असता तर तसेच झाले असते. पण कडे क्षेत्राला लंब असताना प्रवाह जोरात वाहतो आणि कडे क्षेत्राच्या कडेने उभे असताना जवळजवळ वाहतच नाही. जोरदार स्थितीला खोडून काढणारी तितकीच जोरदार उलट स्थिती नसल्यामुळे सरासरीत काहीतरी उरते. दिशेनुसार बदलणाऱ्या या गुणधर्मालाच ॲनआयसोट्रॉपी म्हणतात. सेंद्रिय स्फटिकांमध्ये तो मोजण्याचे मोलाचे काम के. एस. कृष्णन यांनी भारतात केले, आणि १९३६ साली कॅथलीन लॉन्सडेल यांच्याबरोबर त्यांनी त्यावर शोधनिबंधही लिहिला. त्याच वर्षी लायनस पॉलिंग यांनी बेंझिनसाठी वलय-प्रवाहाचे गणित मांडले. एनएमआरला ते लागू केले जॉन पोपल यांनी, १९५६ मध्ये.

ही कल्पना खरी असेल तर कड्याच्या आतल्या बाजूला असलेला हायड्रोजन उलट, उजवीकडे जायला हवा. बेंझिनच्या आत जागाच नाही. पण फ्रान्झ सोंडहायमर यांच्या गटाने अठरा कार्बनचे मोठे कडे, अठरा-अ‍ॅन्युलिन, तयार केले. त्यात बारा हायड्रोजन बाहेर आणि सहा आत असतात. थंड केलेल्या नमुन्यात बाहेरचे बारा सुमारे ९.३ वर दिसले आणि आतले सहा उणे ३ वर, म्हणजे शून्याच्याही पलीकडे. एकाच रेणूतल्या, एकाच प्रकारच्या कार्बनवरच्या हायड्रोजनमध्ये बारा पीपीएमचे अंतर! माझ्या मते वलय-प्रवाहाच्या बाजूने याहून बोलका पुरावा नाही. उलट, आठ कार्बनच्या सायक्लोऑक्टाटेट्राइनमध्ये कडे सपाट नाही, प्रवाह वाहत नाही, आणि त्याचे प्रोटॉन साध्या अल्किनसारखे ५.७ च्या आसपास राहतात. बेंझिनशी तुलना केली तर वलय-प्रवाहाचा वाटा साधारण दीड पीपीएम निघतो.

अल्किन आणि अल्डिहाइड यांच्यात कडे नाही, पण दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉनही सर्व दिशांनी सारखे हलत नाहीत, आणि बंधाच्या पातळीत बसलेल्या हायड्रोजनला त्याचा फटका बसतो. अल्डिहाइडमध्ये त्याला ऑक्सिजनची ओढ जोडली जाते. ही ओढ एकटीच किती काम करते हे पाहायचे असेल तर ॲसिटाल पाहावे: तिथे एकाच कार्बनवर दोन ऑक्सिजन असूनही हायड्रोजन ४.६ च्या आसपासच थांबतो. ॲसिटाल्डिहाइडमध्ये तो ९.८ वर आहे. उरलेला मोठा वाटा दुहेरी बंधाचा. ॲसिटिलीनमध्ये इलेक्ट्रॉन बंधाच्या अक्षाभोवती फिरतात, हायड्रोजन त्याच अक्षावर असतो, म्हणून तो उलट झाकला जातो. एक इशारा मात्र हवा. पाठ्यपुस्तकात दुहेरी बंधावर-खाली 'झाकणारे' शंकू काढतात, ते चित्र ढोबळ आहे. संगणकीय गणितात कार्बन-कार्बन दुहेरी बंधाच्या अगदी जवळ, वर असलेला हायड्रोजनसुद्धा डावीकडे सरकलेला आढळतो.

आता सिनामाल्डिहाइडकडे वळू. ९.७ वर अल्डिहाइडचे शिखर, दोन भागांत फुटलेले. ६.७ वर अल्डिहाइडशेजारचा अल्किन प्रोटॉन. पण दुसरा अल्किन प्रोटॉन ७.५ वर, कड्याच्या पाच प्रोटॉनच्या गर्दीत घुसलेला. अल्डिहाइड दुहेरी बंधातून त्याच्या कार्बनवरचे इलेक्ट्रॉन खेचते, शिवाय बेंझिनचे कडेही शेजारीच आहे. म्हणून केवळ जागा पाहून 'हा अरोमॅटिक' असे ठरवले तर फसगत होते. तो ओळखायचा फाटीच्या रुंदीवरून: दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंच्या दोन हायड्रोजनमध्ये ती सुमारे १६ हर्ट्झ असते, कड्यावरच्या शेजाऱ्यांमध्ये ७-८. आणखी एक सापळा द्रावकाचा. ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये उरलेल्या साध्या क्लोरोफॉर्मचे शिखर ७.२६ वर येते आणि कड्याच्या प्रोटॉनच्या मोजणीत नकळत मिसळते.

जुन्या, हवा लागलेल्या बाटलीत अल्डिहाइडचे हळूहळू सिनॅमिक आम्ल होते. मग ९.७ चे शिखर लहान होत जाते आणि ६.४५ व ७.८ ला नवी जोडी उगवते. दालचिनीच्या पानांच्या तेलात मुख्य घटक सिनामाल्डिहाइड नसून युजेनॉल असतो. बाटलीवर सालीचे तेल लिहिलेले असताना आलेखात ९.७ वर काहीच नसेल, ३.९ वर तीन प्रोटॉनचे एकेरी शिखर असेल आणि अल्किनची शिखरे ५ ते ६ च्या दरम्यान दिसत असतील, तर ते तेल पानांचे आहे.