मिक्सर परत केला, पैसे कमी का आले?

समजा, २,००० रुपयांच्या मिक्सरसाठी ३०० रुपये पॉइंटांतून भरले, उरलेले १,७०० यूपीआयने. वर १०० रुपये कॅशबॅक वॉलेटमध्ये आला आणि तो किराण्यात खर्चही झाला. मिक्सर परत केल्यावर खात्यात बहुधा १,६००च येतात. खरेदीच रद्द झाली, म्हणून कॅशबॅक कापून घेतला जातो. पॉइंट रोख होत नाहीत, पॉइंट म्हणूनच परततात. काही योजनांत तर जुन्याच मुदतीसह, म्हणजे आल्या आल्या बादही! ही अट खरेदीआधीच वाचावी.

स्वतः भरलेल्या वॉलेट-शिलकीचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तिची मुदत किमान वर्षभर असते आणि ती संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कंपनीने ग्राहकाला सावध करायचं असतं. फुकटच्या पॉइंटांना हे संरक्षण नाही.