एकच नाका, दोनदा कपात

फास्टॅगमधून एकाच नाक्यावर दोनदा पैसे गेल्याचा मेसेज आला की पहिला राग नाक्यावरच्या माणसावर निघतो. पण परतावा त्याच्या हातात नसतो. तक्रार करायची ती टॅग देणाऱ्या बँकेकडे. तीच पुढे नाक्याच्या बँकेकडे दावा लावते.

तक्रारीआधी खात्याचा उतारा उतरवून घ्या. मेसेज कधी कधी तासाभराने, क्वचित दुसऱ्या दिवशीही येतो, म्हणून त्याच्या वेळेवर जाऊ नका. उताऱ्यात नाक्यावर टॅग वाचल्याची वेळ आणि पैसे वळते झाल्याची वेळ या दोन वेगळ्या नोंदी असतात. आपल्या कामाची पहिली.

समजा, पुण्याहून साताऱ्याला जाताना एका नाक्यावर १०० रुपये गेले. उताऱ्यात सकाळी ९ वाजून १२ मिनिटांची एक नोंद आहे आणि ९ वाजून १४ मिनिटांची दुसरी. दोन्ही १०० रुपयांच्या, पण व्यवहार क्रमांक वेगळे. दोन मिनिटांत गाडी पुढे जाऊन, वळून पुन्हा त्याच नाक्यावर येणं शक्यच नाही. बहुधा झालेलं असं असतं, की वरच्या यंत्राने टॅग वाचला पण अडसर उठला नाही, म्हणून कर्मचाऱ्याने हातातल्या यंत्राने तो पुन्हा वाचला.

दुसरी नोंद संध्याकाळची आणि ५० रुपयांची असेल, तर मात्र तक्रारीला जागा नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या बहुतेक नाक्यांवर चोवीस तासांत परतलं की दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपट पैसे घेतले जातात. ही उरलेली निम्मी रक्कम. अनेक तक्रारी इथेच फसतात, असं माझं मत.

अर्ज लहानच बरा: ‘माझ्या वाहनाच्या टॅगमधून अमुक नाक्यावर, अमुक तारखेला ९.१२ व ९.१४ वाजता प्रत्येकी १०० रुपये वजा झाले. वाहन एकदाच गेले. दोन्ही व्यवहार क्रमांक वर दिले आहेत. उतारा जोडला असून संबंधित ओळींवर खूण केली आहे. दुसरी कपात रद्द करून रक्कम टॅग खात्यात जमा करावी.’ टॅग चालला नाही म्हणून नाक्यावर रोख भरली आणि मागाहून टॅगमधूनही पैसे गेले, तर रोखीची पावती जोडायलाच हवी. तिच्याविना उतारा एकच कपात दाखवतो.

तक्रार बँकेच्या अ‍ॅपवर किंवा ईमेलने करून तक्रार क्रमांक जपा. राष्ट्रीय महामार्गावरचा नाका असेल तर १०३३ वरही नोंदवता येते. ‘व्यवहार योग्य आहे’ एवढंच उत्तर आलं, तर दुसऱ्या फेरीचं गाडीचं छायाचित्र मागा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटत नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथेही आधी बँकेकडे केलेल्या तक्रारीचा पुरावा लागतो.